शेवटच्या चार षटकांची पुष्पलता

जव्हारच्या पंचायत समितीत आवक-जावक सांभाळणाऱ्या पुष्पलता भोये यांना ऑफिसात कुणी फारसं ओळखत नव्हतं. मैदानावर मात्र त्यांना सगळे ओळखत. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत लेदरच्या चेंडूने वीस षटकांचा सामना असला, की पहिला फोन पंचांना आणि दुसरा पुष्पाताईंना जायचा. त्या स्कोअरर होत्या. नाणेफेकीच्या अर्धा तास आधी त्या येत, बाभळीखाली टेबल लावून घेत, चार रंगांची पेनं ओळीने मांडत, आणि सामना संपेपर्यंत पाणी प्यायलाही उठत नसत.

माहेर त्यांचं साखरशेतचं. घरी भात आणि नाचणी, चार भावंडं, आई गोजाबाई. क्रिकेटशी त्या घराचा काडीचा संबंध नव्हता. नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी कर्मचारी विरुद्ध शिक्षक असा सामना ठरला, आणि अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी यांना वही धरून बसवलं. त्या दिवशी लेगबाय कुणाच्या नावावर लिहायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पंचांना विचारलं, पंचांनाही नीट सांगता आलं नाही. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं. मग त्यांनी नियमांचं पुस्तक मिळवलं, ठाण्याला जाऊन स्कोअररची परीक्षा दिली, दोनदा नापास झाल्या आणि तिसऱ्यांदा पास झाल्या. नवरा भावेश मोखाड्याला शिक्षक. तो गमतीने म्हणायचा, की सासरच्या माणसांची नावं पाठ करायला हिला जेवढे दिवस लागले नाहीत तेवढे त्या नियमांना लागले.

सगळे स्कोअरर धावा आणि विकेट लिहितात. पुष्पाताई आणखी काही लिहायच्या, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

वीस षटकांच्या खेळात शेवटची चार षटकं, म्हणजे सतरा ते वीस, ही वेगळीच असतात. फलंदाजाला विकेटची फिकीर उरलेली नसते, तो प्रत्येक चेंडूला बॅट फिरवतो. चांगला चाललेला गोलंदाज तिथे येऊन मार खातो, आणि हातातला सामना जातो. त्या चार षटकांत कोण टिकतो हे शोधायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणून त्यांनी एक वेगळी वही केली. त्या चार षटकांतला प्रत्येक चेंडू तिच्यात उतरायचा. चेंडू कोणता होता, कुठे पडला, त्यावर किती धावा गेल्या. गोलंदाजाला षटकामागे किती धावा पडल्या ते त्या काढत. वाइड आणि नोबॉल त्याच्या खात्यात, बाय आणि लेगबाय नाहीत. शंभर चेंडूंत किती निर्धाव पडले ते काढत. आणि यॉर्कर टाकायला गेला तेव्हा किती वेळा तो खरोखर यॉर्कर पडला, तेही काढत.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. चेंडू फलंदाजाच्या बुटांशी पडला तर तो यॉर्कर, हे कुणालाही दिसतं. पण टप्पा न पडता फुलटॉस गेला तर तो चुकलेला यॉर्कर होता की हातातून निसटलेला हळू चेंडू? पहिलं वर्ष त्यांनी नजरेनेच ठरवलं आणि वर्षाअखेरीस ती सगळी पानं बाद केली. कारण गोलंदाजाच्या मनात काय होतं ते बाभळीखालून कळत नाही. मग त्या जव्हारच्या आणि मोखाड्याकडच्या पोशेऱ्याच्या यष्टिरक्षकांना जाऊन भेटल्या. यष्टिरक्षक आणि गोलंदाज यांच्यात खुणा ठरलेल्या असतात. डावा पॅड थोपटला की यॉर्कर, हेल्मेटला हात लावला की हळू चेंडू. त्या खुणा मला सांगा, दुसऱ्या संघाला त्या कधी कळणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. पोशेऱ्याच्या संघाचा यष्टिरक्षक सोम्या आधी हसला. मग त्याने सांगितलं. जव्हारच्या यष्टिरक्षकानेही सांगितलं. दोन वर्षांत एकही खूण फुटली नाही. पुष्पाताईंची पत ही अशी होती.

यंदा फेब्रुवारीत जिल्ह्याची तालुका-स्पर्धा जाहीर झाली. जव्हार-मोखाड्याचा मिळून एक संघ जायचा होता. निवड समितीचे प्रमुख चंदूसर, शाळेतले क्रीडाशिक्षक, स्वतः एके काळचे चांगले सलामीवीर. तेरा नावं ठरली. चौदावा हवा होता शेवटच्या षटकांचा गोलंदाज, आणि त्यासाठी दोघे होते.

एक दिपेश गावित, जव्हारचा. सळसळत धावत यायचा, शेवटच्या षटकांत सतरा विकेट घेतलेल्या. त्याने दांडी उडवली की बघ्यांतून शिट्ट्या उठत. दुसरा गोकुळ मौळे, साखरशेतचा, पोशेऱ्याच्या संघातून खेळणारा. सव्वीस वर्षांचा, बोलायला कमी, धावायला त्याहून कमी. आठ पावलांवरून येऊन चेंडू टाकायचा आणि परत वळायचा. त्याच्या विकेट होत्या सात.

समितीची बैठक रविवारी सकाळी मैदानावरच भरली. चंदूसरांनी आकडे मांडले. दिपेशने शेवटच्या षटकांत वीस षटकं टाकली होती, एकशे बहात्तर धावा दिल्या होत्या. षटकामागे आठ पूर्णांक सहा. गोकुळची चौदा षटकं, एकशे सव्वीस धावा, षटकामागे बरोबर नऊ. सर म्हणाले, यात बोलायला काही उरत नाही, दिपेश स्वस्त आणि विकेटही घेतो. पुष्पाताईंना त्यांनी फक्त आकडे तपासायला बोलावलं होतं.

ताईंनी आकडे बरोबर असल्याचं सांगितलं. आणि मग आणखी दोन मिनिटं मागून घेतली.

त्यांचं म्हणणं असं होतं, की ही स्वस्ताई दिपेशची नाही, मैदानाची आहे. दिपेशचे बहुतेक सामने जव्हारच्या कॉलेजमागच्या मैदानावर झाले. तिथे सीमारेषा लांब, चेंडू गवतात अडकतो. त्याच सामन्यांत बाकीच्या गोलंदाजांनी शेवटच्या चार षटकांत षटकामागे आठ पूर्णांक चार दिल्या होत्या. म्हणजे दिपेश बाकीच्यांपेक्षा किंचित महागच. गोकुळ मात्र मोखाड्याच्या मैदानावर टाकत आला होता. तिथे एका बाजूला सीमारेषा इतकी जवळ, की चुकलेला फटकासुद्धा ओढ्यात जातो. त्या सामन्यांत बाकीच्यांना षटकामागे अकरा पूर्णांक एक पडल्या होत्या आणि गोकुळला नऊ. दर षटकाला दोन धावांहून जास्त त्याने वाचवल्या होत्या. निर्धाव चेंडूंचंही तेच. दिपेशचे एकशे वीसपैकी बेचाळीस, पस्तीस टक्के. गोकुळचे चौऱ्याऐंशीपैकी छत्तीस, म्हणजे त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास. आणि यॉर्कर टाकायला गेला तर दिपेशचा साठातून वीस वेळा पडतो, गोकुळचा पन्नासातून तेहतीस वेळा.

मग चंदूसरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. आवाज न चढवता ते म्हणाले, "ताई, मैदानाचं पटलं. पण चेंडू यॉर्कर पडला की नाही, हे तुमच्या डोळ्यांनी ठरलंय. आणि गोकुळ तुमच्या माहेरचा."

ते खरंच होतं. गोकुळ त्यांना आते म्हणायचा. गावातल्या सगळ्याच पोरी लग्न होऊन गेल्यावर पुढच्या पिढीच्या आत्या होतात, तशा त्या त्याच्या आत्या. त्याच्या आईबरोबर त्यांनी लहानपणी भात लावलं होतं. तेरा वर्षांत त्यांच्या वहीवर कुणी असं बोट ठेवलं नव्हतं. राग आला, आणि रागाखाली दुसरंही काही होतं. सरांचं म्हणणं खोटं आहे असं त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

"आठ दिवस द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

गावच्या स्पर्धा आता मोबाइलवर दाखवतात. सामन्यांचं चित्रण कुठे ना कुठे सापडतंच. ऑफिस सुटल्यावर त्या घरी येत, कुकर लावत आणि भावेशच्या मोबाइलवर एकेक षटक पुन्हा बघत. भावेशला त्यांनी शेजारी बसवलं, पण वही दाखवली नाही. त्याने स्वतंत्र कागदावर खुणा करायच्या, यॉर्कर पडला किंवा नाही पडला, बस. जिथे दोघांचं जमलं नाही तिथे चेंडू पाच-पाच वेळा बघायचा. चौथ्या दिवशी गोकुळचा एक चेंडू आला. ताईंच्या वहीत त्याच्यापुढे यॉर्करची खूण होती. चित्रात चेंडू क्रीजच्या चांगलाच अलीकडे पडलेला दिसत होता. फलंदाज चुकला म्हणून तो निर्धाव गेला एवढंच. पुढे आणखी एक तसाच निघाला. आणि दिपेशचा एक चेंडू निघाला, बुटांच्या अगदी टोकाशी पडलेला, ज्याला त्यांनी फुलटॉस लिहिलं होतं.

भावेश म्हणाला, एवढ्याने काय फरक पडतो, पन्नासातले दोन. पण ताईंचा चेहरा उतरला होता. फरक टक्क्यांचा नव्हता. तिन्ही चुका एकाच बाजूला झुकलेल्या होत्या.

पुढच्या रविवारी समितीसमोर त्यांनी आधी हेच सांगितलं. वही उघडून तिन्ही चेंडू दाखवले, तारखेसकट, षटकासकट. गोकुळचे तेहतीस नव्हेत, एकतीस. दिपेशचे वीस नव्हेत, एकवीस. म्हणजे बासष्ट टक्के आणि पस्तीस टक्के. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणालात ते थोडं खरं निघालं. म्हणून आज तुम्हीच मोजा. मी वहीला हात लावणार नाही."

चंदूसरांनी त्या तीन ओळी वाचल्या. मग त्यांनी दोघा गोलंदाजांना हाक मारली.

चाचणी साधी होती. मॅटिंगवर खडूने चौकोन आखला. फलंदाज उभा राहतो त्या रेषेच्या आसपास, त्याच्या बुटांपुढे हातभर आणि मागे बुटभर. फलंदाज नसला तर यॉर्कर कुणीही टाकतो, म्हणून सोम्याला बॅट घेऊन उभं केलं आणि हवं तसं मारायला सांगितलं. एकेकाने सहा-सहा चेंडू, आळीपाळीने, प्रत्येकी चोवीस. चेंडू चौकोनात की बाहेर हे फक्त चंदूसर लिहिणार. पुष्पाताई बाभळीखाली पाठ करून बसल्या. त्यांना बॅटचा आवाज येत होता, मॅटवर चेंडू पडल्याचा आवाज येत होता. कितीदा तरी मान वळवावीशी वाटली. त्यांनी वळवली नाही.

गोकुळचे चोवीसपैकी चौदा पडले. दिपेशचे नऊ. सरांनी भागाकार केला. अठ्ठावन्न टक्के आणि साडेसदतीस. वहीतल्या आकड्यांच्या जवळपासच. सरांनी तो कागद ताईंच्या वहीत ठेवला आणि त्यावर सही केली. माफी मागितली नाही, पण त्या दिवसापासून ते त्यांना मॅडम म्हणू लागले.

सगळ्यांना वाटलं, आता गोकुळ आत आणि दिपेश बाहेर. दिपेशलाही तसंच वाटलं. तो किट भरायला लागला होता. तेव्हा ताई उठल्या आणि म्हणाल्या, माझं अजून संपलं नाही. एक फलंदाज कमी करून दोघांनाही घ्या. एकाला लागोपाठ षटकं टाकता येत नाहीत, शेवटची चार दोघांनीच टाकायची असतात, एकाने सतरावं आणि एकोणिसावं, दुसऱ्याने अठरावं आणि विसावं.

सरांनी विचारलं, यॉर्कर पडत नाही तर दिपेशला कशाला घ्यायचं? ताईंनी दिपेशलाच जवळ बोलावलं. त्याच्या एकशे वीस चेंडूंची त्यांनी फोड करून आणली होती. चुकलेले यॉर्कर एकोणचाळीस, आणि त्यावर गेलेल्या धावा अठ्ठ्याण्णव. एकशे बहात्तरातल्या अठ्ठ्याण्णव, फक्त एकोणचाळीस चेंडूंवर. खाली दुसरी ओळ. हळू चेंडू चाळीस, धावा तीस, निर्धाव बावीस.

दिपेश ती ओळ वाचत राहिला. हळू चेंडूंतले निम्म्याहून जास्त निर्धाव. त्याच्या सतरा विकेटांपुढे ताईंनी बारीक खुणा केल्या होत्या. त्यातल्या अकरा हळू चेंडूंवर होत्या. त्याला स्वतःलाच हे ठाऊक नव्हतं. लोकांच्या शिट्ट्या दांडी उडाली की यायच्या, आणि दांडी यॉर्करने उडते असं त्याने धरून ठेवलं होतं.

"मग मी यॉर्कर टाकूच नको?" त्याने विचारलं. आवाजात थोडी अढी होती.

"टाक. षटकात एखादा, फलंदाज वाट बघत नसेल तेव्हा," ताई म्हणाल्या. "बाकी तुझ्या हातात जे आहे ते टाक. ते फार चांगलं आहे, तूच त्याला कमी समजतोस."

दिपेश किट उचलून गेला. पण बुधवारी संध्याकाळी तो मैदानावर एकटाच हळू चेंडू टाकताना सोम्याने पाहिला. गुरुवारी गोकुळही त्याच्याबरोबर होता. दोघांचं फारसं बोलणं नसायचं. एक टाकायचा, दुसरा चेंडू परत आणून द्यायचा.

स्पर्धा पालघरला झाली. पहिले दोन सामने संघाने सहज जिंकले, शेवटच्या षटकांची वेळच आली नाही. उपांत्य सामना वसईच्या संघाशी पडला. तगडी पोरं, रोज टर्फच्या खेळपट्टीवर सराव करणारी. त्यांना शेवटच्या दोन षटकांत सतरा धावा हव्या होत्या आणि हातात पाच विकेट होत्या. ताई स्कोअररच्या टेबलाशी, वसईच्या स्कोअररशेजारी. त्यांना तिथे हात वर करता येत नाही की टाळी वाजवता येत नाही, आणि त्यांनी ती कधी वाजवलीही नसती.

एकोणिसावं दिपेशने टाकलं. पहिले चार चेंडू हळू, प्रत्येकाची उंची वेगळी. दोन निर्धाव, दोन एकेरी. पाचव्यावर दोन धावा. सहावा त्याने यॉर्कर टाकला, जेव्हा फलंदाज पुन्हा हळू चेंडूसाठी थांबला होता. तो बुटांशी पडला आणि जेमतेम एक धाव निघाली. पाच धावांचं षटक.

आता सहा चेंडूंत बारा.

गोकुळ आठ पावलांवर जाऊन उभा राहिला. सोम्याने डावा पॅड थोपटला. पहिला चेंडू बुटांशी, निर्धाव. दुसरा बुटांशी, एक धाव. तिसऱ्याला हात घसरला, कमरेखाली फुलटॉस गेला आणि फलंदाजाने तो सरळ सीमेपार भिरकावला. बाकावरचे सगळे उभे राहिले. ताईंनी सहा लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात चुकल्याची खूण केली. तीन चेंडूंत पाच. सोम्याने पुन्हा डावा पॅडच थोपटला. चौथा बुटांशी, निर्धाव. पाचवा थोडा आखूड पडला, पण क्षेत्ररक्षक धावून आला आणि एकच धाव गेली. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या.

गोकुळ नेहमीसारखाच आला. चेंडू फलंदाजाच्या मागच्या बुटाशी घुसला, बॅटच्या खालच्या कडेला लागून पायाजवळच राहिला. एक धाव पळून झाली. सामना दोन धावांनी जिंकला.

पोरं गोकुळच्या अंगावर पडली, त्यांत सगळ्यात आधी दिपेश. ताईंनी बेरीज केली, वसईच्या स्कोअररबरोबर जुळवली, सही केली. मग आपल्या वहीत लिहिलं, विसावं षटक, नऊ धावा, निर्धाव दोन, यॉर्कर सहापैकी चार. त्या षटकाचं अक्षर आजही वहीत तिरकं दिसतं.

अंतिम सामना संघ हरला. तिथे फलंदाजीच कोसळली, गोलंदाजांना राखायला धावाच नव्हत्या. परतीच्या वाटेवर विक्रमगडला चहाला गाडी थांबली, तेव्हा चंदूसर त्यांच्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, तीस वर्षं क्रिकेट बघतोय, पण मी विकेट बघत होतो, तुम्ही चेंडू बघत होता. ताईंनी सरांना बिस्किट दिलं.

उन्हाळ्यात जिल्ह्याच्या संघटनेकडून पत्र आलं. आठही तालुक्यांच्या गोलंदाजांची अशी नोंद करायची होती आणि स्कोअररना शिकवायचंही होतं. ताईंनी होकार कळवला, एका अटीवर. प्रत्येक सामन्यात यॉर्करची खूण दोघांनी वेगवेगळी करायची, आणि त्यातला एक तरी त्या गोलंदाजाच्या गावचा नसावा. शिकायला आलेल्यांत हिराबाई नावाची एक अंगणवाडी सेविका आहे. तिची नजर माझ्यापेक्षा बरी आहे, असं ताई सांगतात.

आता रविवारी बाभळीखाली गोलंदाज स्वतःहून येतात. कुणी वावर गावाहून दोन गाड्या बदलून येतो. परवा एक जण आला, आपला यॉर्कर किती टक्के पडतो ते विचारायला. ताईंनी वही उघडली, बोटाने ओळ शोधली आणि हिशेब न करताच वही मिटली.

"तुझे बाराच चेंडू आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "बारांवर मी कुणाला चांगला म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही. अजून टाक."

तो मान हलवून नेटकडे गेला, आणि ताईंनी चष्मा पुसून पेनाचं टोपण काढलं.